निविदोत्तर अभिप्राय

निविदोत्तर अभिप्राय म्हणजे निविदा प्रक्रियेत निवड न झालेल्या बोलीदाराने, आपली बोली कोणत्या कारणांमुळे मागे पडली याविषयी खरेदीदार संस्थेकडून मागवलेली आणि त्या संस्थेने दिलेली माहिती होय. ही माहिती पत्राने, ई-मेलने किंवा समक्ष बैठकीत दिली जाते. बोलीदार तिचा उपयोग पुढील निविदेची तयारी सुधारण्यासाठी करतो. झालेला निर्णय बदलून घेणे हा तिचा हेतू नसतो. निर्णयालाच आव्हान द्यायचे असेल तर त्यासाठी हरकत, अपील किंवा न्यायालयीन दाद असे वेगळे मार्ग आहेत. अभिप्रायाची मागणी आणि हरकत यांची सरमिसळ झाल्यास बहुधा दोन्ही हेतू फसतात. म्हणून कोणते पत्र केव्हा आणि कोणत्या शब्दांत लिहावे हा या विषयाचा गाभा आहे.

या लेखात प्रामुख्याने भारतातील सार्वजनिक खरेदीचा विचार केला आहे. तुलनेसाठी जागतिक बँक, युरोपीय संघ आणि युनायटेड किंग्डम येथील तरतुदींचा उल्लेख केला आहे.

## अभिप्राय आणि हरकत

निविदा हातची जाण्याचे प्रसंग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात बोली तांत्रिक छाननीतच अपात्र ठरते. दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडला जातो आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा नंतर उघडतात. एखादे प्रमाणपत्र जोडलेले नाही, उलाढालीची अट पूर्ण होत नाही, बयाणा रक्कम विहित स्वरूपात भरलेली नाही, अशी कारणे येथे आढळतात. दुसऱ्या प्रकारात बोली पात्र ठरते, परंतु दरात किंवा एकत्रित गुणांत ती दुसऱ्याच्या मागे राहते.

पहिल्या प्रकारात वेळ फार थोडा असतो. आर्थिक लिफाफे उघडल्यानंतर सर्वांचे दर जाहीर होतात आणि मग अपात्र ठरवलेल्या बोलीदाराला पुन्हा स्पर्धेत घेणे खरेदीदारालाही अवघड होते. म्हणून जोडलेला कागद छाननी समितीच्या नजरेतून सुटला असेल, तर ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कागदाचा पृष्ठ क्रमांक देऊन लेखी कळवावे लागते. ही हरकत असते आणि तिची मुदत निविदा दस्तऐवजात दिलेली असते. ‘आमचे काय चुकले हे कृपया सांगावे’ अशा सौम्य शब्दांत हे पत्र लिहिल्यास खरेदीदार ते सावकाश उत्तर द्यावयाचे पत्र समजतो आणि तोवर मुदत निघून जाते.

दुसऱ्या प्रकारात याच्या उलट घडते. मूल्यमापन सुरू असताना गुणांविषयी विचारणा करणे अयोग्य मानले जाते. लिफाफे उघडल्यापासून निर्णय जाहीर होईपर्यंत मूल्यमापन गोपनीय असते आणि त्या काळात समितीच्या सदस्यांशी साधलेला संपर्क दबाव आणण्याचा प्रयत्न समजला जाऊ शकतो. अनेक निविदा दस्तऐवजांत अशा संपर्कासाठी बोली बाद करण्याची अट असते. म्हणून अभिप्रायाची मागणी निर्णय अधिकृतपणे जाहीर झाल्यानंतरच केली जाते.

दोन्ही पत्रांतील फरक वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळणे आवश्यक असते. हरकतीचे पत्र खरेदी अधिकारी विधी शाखेकडे पाठवतो आणि त्यानंतर मोकळेपणाने बोलणे त्याला शक्य राहत नाही. अभिप्रायाच्या पत्रात ‘अन्यायकारक’, ‘पक्षपाती’, ‘योग्य ती कारवाई’ असे शब्द आल्यास त्याचेही तेच होते.

## नियमांतील आधार

भारतात केंद्र शासनाच्या मंत्रालयांना आणि विभागांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. त्यांतील नियम १७३ हा खरेदीतील पारदर्शकता, स्पर्धा व निःपक्षपातीपणा यांविषयी आहे. बोलीच्या अटी, बोलीची प्रक्रिया किंवा बोली नाकारण्याचा निर्णय यांविषयी बोलीदाराला प्रश्न उपस्थित करता यावा यासाठी निविदा दस्तऐवजात सोय असावी आणि बोलीदाराने चौकशी केल्यास नाकारण्याची कारणे सांगितली जावीत, असे या नियमात म्हटले आहे. ‘चौकशी केल्यास’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कारणे सांगण्याची जबाबदारी खरेदीदारावर असली, तरी तिची सुरुवात बोलीदाराच्या विचारणेने होते.

राज्य शासनाची खाती आणि स्थानिक स्वराज्य संस्था आपापल्या नियमांनुसार खरेदी करतात. महाराष्ट्रात कार्यालयीन खरेदीच्या कार्यपद्धतीची सुधारित नियमपुस्तिका उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू झाली. कोणत्याही निविदेत प्रत्यक्ष बंधनकारक मजकूर मात्र त्या निविदेच्या दस्तऐवजातील ‘बोलीदारांना सूचना’ या भागात असतो. त्यामुळे नियमाचा आधार देण्यापूर्वी हा भाग पाहिला जातो.

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने होणाऱ्या खरेदीत ही पद्धत अधिक काटेकोर आहे. बँकेच्या २०१६ पासून लागू असलेल्या खरेदी विनियमांनुसार, ज्या करारांना ‘थांबा कालावधी’ लागू असतो त्यांत खरेदीदाराला करार देण्याचा इरादा सर्व बोलीदारांना आधी कळवावा लागतो. हा कालावधी सामान्यतः किमान १० कामकाजाच्या दिवसांचा असतो. सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत बोलीदाराने लेखी मागणी केल्यास खरेदीदाराने ५ कामकाजाच्या दिवसांत अभिप्राय देणे अपेक्षित असते. बँकेच्या कर्जातून होणाऱ्या पाणीपुरवठा किंवा रस्त्यांच्या कामांत भारतीय बोलीदारांनाही या मुदती लागू पडू शकतात. त्या इतक्या लहान आहेत की निकाल समजल्यावर पत्राचा मसुदा करायला बसणारा बोलीदार अनेकदा उशीर करून बसतो.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निदेशानुसार बोलीदाराची लेखी विनंती मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत कारणे द्यावी लागतात. युनायटेड किंग्डममध्ये खरेदी अधिनियम २०२३ हा २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला. त्यानुसार, लागू असलेल्या करारांत, मूल्यमापन झालेल्या बोलीदारांना न मागताही मूल्यमापनाचा सारांश द्यावा लागतो.

## मागणीपूर्वीची तयारी

अभिप्राय मागण्यापूर्वी जी माहिती आधीच उपलब्ध आहे ती गोळा केली जाते. ई-निविदा संकेतस्थळांवर निविदेची स्थिती, तांत्रिक छाननीचा निकाल आणि आर्थिक लिफाफे उघडल्यानंतर दरांचा तुलनात्मक तक्ता सहभागी बोलीदारांना पाहता येतो. सामान्य वित्तीय नियमांनुसार यशस्वी बोलीदाराचे नाव केंद्रीय सार्वजनिक खरेदी पोर्टलवर आणि विभागाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायचे असते. संकेतस्थळावर दिसणारी गोष्टच पत्रात विचारली, तर पत्र लिहिणाऱ्याने दस्तऐवज वाचलेला नाही असा समज होतो.

निवड केवळ न्यूनतम दरावर, म्हणजे ‘एल-१’ पद्धतीने झाली असेल आणि बोली पात्र ठरलेली असेल, तर अभिप्रायात विचारण्यासारखे थोडेच उरते. दरातील फरक तक्त्यात दिसतोच आणि आपला दर का जास्त आला हे खरेदीदाराला ठाऊक नसते. त्याचे उत्तर बोलीदाराच्या स्वतःच्या दरविश्लेषणात असते. अभिप्रायाचा खरा उपयोग गुण देऊन केलेल्या मूल्यमापनात होतो. सल्लागार सेवांसाठी वापरली जाणारी गुणवत्ता व खर्च आधारित निवड पद्धत हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

### आकडेमोडीचे उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असून आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. एका नगरपरिषदेने शहराच्या पाणीपुरवठा योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली. तांत्रिक गुणांना ७० टक्के आणि आर्थिक गुणांना ३० टक्के भार होता. सर्वांत कमी दराला १०० आर्थिक गुण आणि इतरांना त्या प्रमाणात कमी गुण, असे सूत्र होते. ‘अ’ या लहान संस्थेने ४० लाख रुपयांचा, तर ‘ब’ या संस्थेने ४६ लाख रुपयांचा दर भरला. निवड ‘ब’ची झाली.

| निकष | कमाल गुण | ‘अ’ | ‘ब’ |
|---|---|---|---|
| समान कामांचा अनुभव | ३० | २६ | २४ |
| कार्यपद्धती व आराखडा | ३० | १७ | २७ |
| प्रमुख तज्ज्ञ | २५ | १९ | २२ |
| सादरीकरण | १५ | १० | १३ |
| एकूण तांत्रिक गुण | १०० | ७२ | ८६ |

‘अ’चा दर सर्वांत कमी असल्याने त्याला १०० आर्थिक गुण मिळाले. ‘ब’ला ४० भागिले ४६ गुणिले १००, म्हणजे ८६.९६ गुण मिळाले. भार लावल्यानंतर ‘अ’चे तांत्रिक ५०.४० आणि आर्थिक ३० मिळून ८०.४० झाले. ‘ब’चे ६०.२० आणि २६.०९ मिळून ८६.२९ झाले. अंतर ५.८९ गुणांचे होते.

निकाल कळल्यावर ‘अ’च्या कार्यालयात पहिली प्रतिक्रिया अशी होती की पुढच्या वेळी दर आणखी उतरवावा. ही प्रतिक्रिया आकडेमोडीवर टिकत नाही. ‘अ’ने ४० ऐवजी ३६ लाख भरले असते, तर ‘ब’चे आर्थिक गुण कमी होऊन त्याची बेरीज ८३.६८ झाली असती. तरीही ‘अ’ ३.२८ गुणांनी मागेच राहिला असता. केवळ दराच्या जोरावर पुढे जाण्यासाठी ‘अ’ला ३१ लाखांच्याही खाली, म्हणजे सुमारे २३ टक्के उतरावे लागले असते आणि त्या दरात काम करणे परवडले नसते. याउलट, दर तोच ठेवून तांत्रिक गुण साडेआठने वाढले असते तरी निकाल फिरला असता. एकट्या कार्यपद्धतीच्या निकषात अंतर १० गुणांचे होते.

या हिशेबामुळे विचारायचा प्रश्न निश्चित झाला. अनुभवाविषयी विचारण्याचे कारण नव्हते, कारण तेथे ‘अ’चे गुण अधिक होते. दराविषयीही काही विचारायचे नव्हते. कार्यपद्धतीच्या ३० पैकी १३ गुण कोठे गेले, एवढेच समजून घ्यायचे होते.

## मागणीचे पत्र

अभिप्रायाचे पत्र निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामाने, निविदा क्रमांक देऊन लिहिले जाते. ते एका पानाचे असते. ‘आमची निवड का झाली नाही’ असा सरसकट प्रश्न विचारल्यास ‘आपले गुण कमी असल्याने’ असे सरसकट उत्तर मिळते. म्हणून प्रश्न दोन किंवा तीनच असतात, ते निविदेतील निकषांच्या क्रमांकाला जोडलेले असतात आणि सर्व प्रश्न स्वतःच्या बोलीविषयी असतात. वरील उदाहरणातील पत्राचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो:

> प्रति,
> मा. मुख्याधिकारी,
> ……… नगरपरिषद
>
> विषय : पाणीपुरवठा योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालाच्या निविदेतील आमच्या प्रस्तावाबाबत अभिप्राय मिळणेबाबत
>
> संदर्भ : निविदा सूचना क्र. ………; आपले पत्र दि. ………
>
> महोदय,
>
> संदर्भीय निविदेचा निर्णय आम्हांस कळविल्याबद्दल आभारी आहोत. सदर निर्णयाबाबत आमची कोणतीही हरकत नाही. आपल्या नगरपरिषदेच्या पुढील निविदांमध्ये अधिक चांगला प्रस्ताव सादर करता यावा, या हेतूने केवळ आमच्या प्रस्तावाविषयी पुढील माहिती मिळावी ही विनंती.
>
> १. निकष २ (कार्यपद्धती व आराखडा) अंतर्गत उपनिकषनिहाय आम्हांस मिळालेले गुण.
>
> २. सदर निकषाखाली आमच्या प्रस्तावात समितीस आढळलेल्या प्रमुख उणिवा.
>
> ३. निकष ३ अंतर्गत प्रमुख तज्ज्ञांच्या माहितीत काही तपशील अपुरा होता काय.
>
> अन्य बोलीदारांच्या प्रस्तावातील मजकूर आम्हांस अपेक्षित नाही. लेखी उत्तर अथवा आपल्या सोयीने अर्ध्या तासाची भेट, यांपैकी आपणास योग्य वाटेल ते चालेल.
>
> आपला विश्वासू,
> ………

या मजकुरातील दोन वाक्ये विशेष काम करतात. ‘सदर निर्णयाबाबत आमची कोणतीही हरकत नाही’ या वाक्याने पत्राचे स्वरूप स्पष्ट होते. मात्र हे वाक्य लिहिल्यानंतर हरकत घेणे अवघड होते. म्हणून हरकतीची मुदत शिल्लक असेल आणि शंका खरी असेल, तर हे वाक्य घालू नये किंवा आधी हरकतीचा निर्णय करून मगच पत्र पाठवावे. ‘अन्य बोलीदारांच्या प्रस्तावातील मजकूर आम्हांस अपेक्षित नाही’ हे दुसरे वाक्य अधिकाऱ्याची मुख्य अडचण दूर करते, कारण त्याला सर्वाधिक धास्ती दुसऱ्याची गोपनीय माहिती आपल्या हातून उघड होण्याची असते.

बयाणा रकमेच्या परताव्याची विचारणा याच पत्रात केली जात नाही. सामान्य वित्तीय नियमांनुसार अयशस्वी बोलीदारांची बयाणा रक्कम करार दिल्यानंतर उशिरात उशिरा ३० व्या दिवसापर्यंत परत करायची असते. हा विषय लेखा शाखेचा असल्याने त्यासाठी वेगळे पत्र दिले जाते. दोन्ही विषय एका पत्रात आल्यास ते बहुधा लेखा शाखेकडे जाते आणि अभिप्रायाचा भाग अनुत्तरित राहतो.

## बैठक आणि उत्तराचे वाचन

भेटीची वेळ मिळाल्यास प्रस्ताव ज्याने प्रत्यक्ष लिहिला ती व्यक्ती सोबत असणे उपयोगी ठरते. विपणन प्रतिनिधी एकटाच गेल्यास संभाषण पुढील कामाच्या मागणीकडे वळते. वकिलाला सोबत नेल्यास अधिकारी सावध होऊन फक्त कागदावरचे वाचून दाखवतो.

बैठकीतील सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक उणिवेला तिथल्या तिथे उत्तर देणे. ‘ते आमच्या प्रस्तावात पान ४२ वर होते’ असे बोलीदाराने म्हटले की अधिकाऱ्याला समितीच्या निर्णयाचे समर्थन करावे लागते आणि पुढची उणीव तो सांगतच नाही. प्रत्यक्षात समितीला पान ४२ वरील मजकूर सापडला नाही, ही माहिती बोलीदाराच्या दृष्टीने अधिक मोलाची असते. तो मजकूर निकषाच्या क्रमाने मांडलेला नव्हता, असा तिचा अर्थ होतो. म्हणून बैठकीत उणिवा लिहून घेतल्या जातात आणि केवळ स्पष्टीकरणासाठी प्रश्न विचारले जातात. उदाहरणार्थ, ‘या मुद्द्यावर समितीला कोणता तपशील पाहावयास आवडला असता?’

वरील उदाहरणात ‘अ’ला असे समजले की कार्यपद्धतीचे ३० गुण प्रत्येकी १० गुणांच्या तीन उपनिकषांत विभागलेले होते. पाण्याच्या उद्भवाच्या अभ्यासासाठी त्याला ४, वितरण व्यवस्थेच्या आराखड्यासाठी ६ आणि वेळापत्रकासाठी ७ गुण मिळाले होते. शहराच्या सध्याच्या उद्भव विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत आटते, असे निविदेच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले होते. ‘अ’च्या प्रस्तावात मात्र लोकसंख्या आणि दरडोई गरज यांवरून पाण्याची मागणी काढण्याची पद्धत सविस्तर दिली होती आणि उन्हाळ्यात ते पाणी कोठून येईल याविषयी केवळ दोन ओळी होत्या. शिवाय एका परिच्छेदात दुसऱ्याच शहराचे नाव राहून गेले होते. समितीने त्यावरून मजकूर जुन्या प्रस्तावातून उचललेला आहे असा निष्कर्ष काढला. वितरण व्यवस्थेच्या बाबतीत, उंच भागांत पुरेसा दाब मिळतो की नाही हे कसे तपासणार याचा उल्लेख नव्हता.

प्रमुख तज्ज्ञांविषयीचे उत्तर याहून साधे होते. ज्येष्ठ अभियंत्याचा अनुभव २० वर्षांचा लिहिला होता, पण त्यांनी केलेल्या समान प्रकल्पांची यादी जोडलेली नव्हती. गुण मात्र प्रकल्पांच्या संख्येवर होते. यांपैकी एकही दोष दूर करायला दर कमी करावा लागत नव्हता.

बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत आभाराचे छोटे पत्र पाठवण्याची पद्धत आहे. त्यात समजलेल्या उणिवा एक-दोन वाक्यांत नमूद केल्या जातात. त्यामुळे काही चुकीचे समजले असेल तर दुरुस्तीची संधी मिळते. या पत्रातून नव्याने युक्तिवाद केल्यास मात्र बैठकीचा लाभ पुसला जातो.

## उत्तर न मिळाल्यास

अनेक पत्रांना उत्तर मिळत नाही किंवा ‘निविदा समितीचा निर्णय अंतिम आहे’ एवढेच उत्तर येते. याचे कारण नेहमीच लपवाछपवीचे नसते. लेखी दिलेले प्रत्येक कारण पुढे न्यायालयात वाचले जाऊ शकते याची अधिकाऱ्याला जाणीव असते. काही समित्यांनी निकषनिहाय गुण लिहिलेले असतात, पण त्यामागची कारणे नोंदवलेली नसतात. अशा वेळी सांगण्यासारखे त्यांच्याकडे फारसे नसतेही. साधारण तीन आठवड्यांनंतर एक स्मरणपत्र देणे आणि त्यात प्रश्नांची संख्या एकावर आणणे हा व्यवहार्य मार्ग असतो.

त्यानंतरचा मार्ग माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा आहे. या अधिनियमाखालील अधिकार नागरिकांना असल्याने अर्ज संस्थेच्या नावाऐवजी भागीदाराने किंवा संचालकाने स्वतःच्या नावाने करणे सुरक्षित असते. जन माहिती अधिकाऱ्याने सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘गुण का कमी दिले’ असे विचारून उपयोग होत नाही, कारण अभिलेखात असलेली माहितीच मागता येते. जी माहिती अस्तित्वात नाही ती तयार करून देणे किंवा मत देणे प्राधिकरणावर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्याऐवजी ‘आमच्या प्रस्तावाची गुणपत्रिका व मूल्यमापन समितीच्या अहवालातील आमच्याशी संबंधित पृष्ठांची प्रत’ असे कागदाचे नाव घेऊन मागणी केली जाते.

दुसऱ्या बोलीदाराच्या प्रस्तावाची प्रत मागितल्यास कलम ८(१)(घ) नुसार वाणिज्यिक विश्वासार्हता आणि व्यापारी गुपिते यांच्या आधारे ती नाकारली जाऊ शकते. शिवाय कलम ११ नुसार त्या त्रयस्थ पक्षाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे घ्यावे लागते. नोटीस गेल्यावर स्पर्धकाला या मागणीची माहिती होते. माहिती अधिकाराचा अर्ज कायदेशीर असला तरी बऱ्याच कार्यालयांत तो तक्रारीची पहिली पायरी समजला जातो. त्यामुळे साध्या पत्राला पुरेसा वेळ देऊन मगच तो केला जातो.

## पुढील निविदांचा मार्ग खुला ठेवणे

‘मार्ग खुला ठेवणे’ याचा अर्थ गेलेले काम परत मिळण्याची वाट पाहणे असा घेतला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. न्यूनतम दराच्या निविदेत एल-१ बोलीदाराने माघार घेतल्यास पुन्हा निविदा काढावी, असे केंद्रीय दक्षता आयोगाचे २००७ चे निर्देश आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला आपोआप काम मिळत नाही. म्हणून ‘यशस्वी बोलीदाराने काम सोडल्यास आमचा विचार व्हावा’ असे वाक्य अभिप्रायाच्या पत्रात घातल्याने काही साधत नाही. उलट पत्राच्या हेतूविषयी शंका येते. तसेच ‘आता आम्ही दर कमी करण्यास तयार आहोत’ हा प्रस्ताव स्वीकारणे खरेदीदाराला शक्य नसते.

खुला राहणारा मार्ग पुढच्या निविदेचा असतो आणि त्याचे ठिकाण निविदापूर्व बैठक हे आहे. मूल्यमापनाचा एखादा निकष लहान संस्थांना अनाठायी गैरसोयीचा वाटत असेल, तर तो बदलण्याची विनंती अभिप्रायाच्या बैठकीत करून लाभ नसतो, कारण ती निविदा संपलेली असते. तीच सूचना पुढील निविदेच्या निविदापूर्व बैठकीत लेखी दिल्यास खरेदीदार शुद्धिपत्रक काढून ती सर्वांसाठी मान्य करू शकतो. अभिप्रायात समजलेल्या गोष्टींचा आधार घेऊन केलेली सूचना अशा वेळी नेमकी असते.

यालाही मर्यादा आहे. खरेदीदाराने एका बोलीदाराला येऊ घातलेल्या निविदेची माहिती दिल्यास समान संधीचे तत्त्व मोडते आणि ती निविदा अडचणीत येऊ शकते. अभिप्रायाच्या बैठकीत पुढील कामांविषयी जे सार्वजनिक झालेले नाही ते विचारल्यास अधिकाऱ्याला नकार द्यावा लागतो आणि संभाषण तेथेच संपते. वरील उदाहरणातील ‘अ’ने बैठकीत तसा प्रश्न विचारला नाही. कार्यालयात परतल्यावर त्याने आपल्या प्रस्तावाच्या साच्यातून उद्भवाचे प्रकरण काढून टाकले आणि यापुढे ते प्रत्येक शहरासाठी परिशिष्ट वाचून नव्याने लिहावयाचे, असे ठरवले.